रस्त्यावरून वाचता न येणारी ‘भाड्याने’ची पाटी: कारण शोधणे आणि दुरुस्ती

तक्रार नेहमी एकच असते. घर चांगलं, जागा रस्त्यालगत, पाटी लावून महिना झाला, तरी फोन नाही. मग मालक भाडं कमी करतो किंवा पाटीवर आणखी दोन ओळी लिहून घेतो. बहुतेक वेळा गडबड भाड्यात नसते. पाटी फाटकात उभं राहून पाहिलेली असते आणि तिथून ती छान दिसते. भाडेकरू मात्र दुचाकीवरून किंवा गाडीतून जात असतो, त्याच्या डोळ्यापर्यंत ती पोचतच नाही.

इथे एकच प्रसंग पूर्ण सोडवला आहे. मालवण-कसाल रस्त्यावर कुंभारमाठच्या आसपास, मालवणकडे जाताना रस्त्याच्या डाव्या अंगाला असलेलं घर. पुढे चिऱ्याचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडाचं कुंपण, तो डांबराच्या कडेपासून ४ मीटर आत. रस्ता दोन गाड्यांचा, साधारण ७ मीटर रुंद. गडग्यावर ३ फूट बाय २ फुटांचं फ्लेक्स खिळे ठोकून लावलेलं. त्यावर लाल अक्षरांत ‘रूम उपलब्ध’, खाली भाडं, सोयी, दोन मोबाईल नंबर आणि कोपऱ्यात गणपती. तुमचं घर गुहागरला असो की दापोलीला, आकडे बदलतील, पद्धत हीच राहील.

आधी तपासणी

पाटी काढण्याआधी फोनच्या नोंदी आठवा, कारण लक्षणं वेगळी असतील तर दुरुस्तीही वेगळी. अजिबात फोन नसेल तर पाटी दिसत नाही किंवा वाचता येत नाही. फोन येतात पण ‘एका रात्रीचे किती?’ असे येतात, तर मजकूर चुकलाय. लोक ‘पाटी बघितली, पण नंबर लागला नाही’ असं सांगत असतील तर आकडे चुकीचे वाचले जातायत. आणि मे महिन्यापर्यंत फोन येत होते, जुलैपासून बंद, तर पावसाळ्याने काहीतरी केलंय.

नंतर रस्त्यावर उतरा. पाटीपासून रस्त्याच्या कडेने ४८ पावलं चालत जा. मोठ्या माणसाचं पाऊल पाऊण मीटर धरलं तर हे ३६ मीटर होतात. तिथून वळून बघा. वाचता आली नाही तर निदान तिथेच झालं. ही चाचणी घर ठाऊक नसलेल्या माणसाकडून करून घ्यावी. पाटीवर काय आहे ते आधीच माहीत असलेला माणूस अर्धी अक्षरं मनाने भरतो. मोबाईलवर व्हिडिओ काढून तो थांबवून वाचणं ही चाचणी नव्हे, गाडीतल्या माणसाला थांबवायचं बटण नसतं.

मूळ कारण: पाटी रस्त्याला समांतर आहे

गडग्यावर सपाट लावलेली पाटी रस्त्याला समांतर असते. समोरच्या दुकानातून ती पूर्ण दिसते. येणाऱ्या माणसाला ती कडेने दिसते आणि कडेने बघितलेली पाटी आखूड होते. आपल्या घराचा हिशेब करू. गाडी लेनच्या मध्यातून चालते, म्हणजे चालकाचा डोळा आणि गडगा यांच्यात आडवं अंतर सुमारे ६ मीटर. ३६ मीटर अलीकडून बघताना पाटीशी जेमतेम साडेनऊ अंशांचा कोन होतो. त्या कोनातून ४ फूट रुंद पाटीसुद्धा ८ इंच रुंद दिसते. अक्षरांची उंची तेवढीच, पण रुंदी सहाव्या हिश्श्यावर. काठ्या एकमेकींना चिकटतात आणि शब्द पांढऱ्या पट्टीवरचा काळा डाग होतो.

निम्मी रुंदी तरी दिसावी यासाठी गाडी साधारण १० मीटर अंतरावर यावी लागते. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. म्हणजे वाचण्याजोगी झाल्यापासून एका सेकंदाच्या आत ती खिडकीच्या मागे जाते. अक्षरं कितीही मोठी केली तरी हे बदलत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती अक्षरांची नाही, दिशेची: पाटी रस्त्याला काटकोनात उभी करा, तोंड येणाऱ्या वाहनांकडे. दोन्ही बाजूंनी रहदारी असेल तर पाठीला पाठ लावून दोन पत्रे.

एकच बाजू परवडत असेल तर जवळच्या लेनमधून येणाऱ्यांकडे तोंड ठेवा. पलीकडच्या लेनकडे तोंड केलं तर पाटी साडेतीन मीटर जास्त लांब पडते आणि मध्ये एसटी आली की तीही नाही.

पाटी गडग्याच्या आतल्या बाजूला, स्वतःच्या जागेत उभी करावी. रस्त्याच्या मोकळ्या पट्ट्यात, विजेच्या खांबावर किंवा झाडाला ठोकलेली पाटी आज ना उद्या काढली जाते. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरण रोखण्यासाठी १९९५ चा कायदा आहे, आणि त्यावर वाद घालण्यापेक्षा पाटी चार फूट मागे घेणं सोपं.

एका नजरेत किती मावतं

काटकोनात लावल्यावर आता अक्षरांची उंची ठरवता येते. दिवसाउजेडी, साध्या जाड इंग्रजी मोठ्या अक्षरांना इंचाला आठ-नऊ मीटर धरतात. देवनागरीत शिरोरेषा, काने-मात्रा आणि जोडाक्षरं दाटीने येतात, त्यामुळे इंचाला ६ मीटर धरणं शहाणपणाचं. उंची मोजायची ती शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत, मात्रा सोडून. हे पेंटरला आणि डीटीपीवाल्याला स्पष्ट सांगावं लागतं. नाहीतर ‘सहा इंच’ म्हटल्यावर मात्रेच्या टोकापासून मोजतात आणि अक्षर प्रत्यक्षात साडेचार इंच निघतं.

६ इंची अक्षर म्हणजे ३६ मीटर. पण शेवटचे १५ मीटर उपयोगाचे नाहीत, कारण त्यानंतर पाटी बघायला मान वळवावी लागते आणि दुचाकीवाला ती वळवत नाही, वळवूही नये. राहिले २१ मीटर. ताशी ४० ला ते दोन सेकंदांपेक्षा कमी वेळात संपतात. पाटी आहे हे लक्षात यायलाच त्यातला काही वेळ जातो. उरलेल्यात दोन शब्द वाचून होतात. दहा आकडी नंबर त्यात कोणीही वाचू शकत नाही, लक्षात ठेवणं तर दूरच.

म्हणून पाटीची कामं दोन करा. चालत्या गाडीसाठी फक्त ‘खोली भाड्याने’. हे कळलं की ज्याला गरज आहे तो पुढे जाऊन थांबतो किंवा परत फिरतो, आणि तेव्हा उभा राहून नंबर वाचतो. ‘देणे आहे’ गाळा. घेणे असतं तर पाटी फाटकाला लागली नसती.

नंबर किती मोठा? थांबलेला माणूस रस्त्याच्या पलीकडच्या कडेला असू शकतो, किंवा पाटीच्या २० मीटर अलीकडे. तो फाटकापर्यंत येईलच असं नाही. कुत्रा असतो, ओशाळायला होतं, पाऊस असतो. म्हणून आकडे ५ इंची, म्हणजे ३० मीटरपर्यंत सुटसुटीत. बऱ्याच पाट्यांवर नंबर दीड इंची असतो आणि त्याच्या वर ‘संपर्क’ हा शब्द त्याच्याहून मोठा. ‘संपर्क’ काढूनच टाका. दहा आकडे दिसल्यावर तो फोन नंबर आहे हे सांगायला लागत नाही.

मांडणी: ४ बाय २ फूट

३ फूट रुंदीत हे मावत नाही. ६ इंची ‘खोली भाड्याने’ जवळपास ४० इंच रुंद होतं. ते ३६ इंचांत बसवायला ऑपरेटर अक्षरं आडवी दाबतो, आणि दाबलेलं अक्षर हे कडेने बघितलेल्या पाटीसारखंच आखूड असतं. जे दिशा बदलून कमावलं ते इथे घालवायचं नाही. ४ बाय २ फूट घ्या. बाजारात पत्रा ८ बाय ४ फुटांचा येतो, त्यातून असे चार तुकडे पडतात आणि वाया काही जात नाही.

उभ्या २४ इंचांची वाटणी अशी: वर २ इंच मोकळे. मग पहिली ओळ, मात्रेसकट ८ इंच. दीड इंच सोडून दुसरी ओळ, ३ इंची अक्षर, मात्रेसकट ४ इंच. पुन्हा दीड इंच. मग नंबर ५ इंच, आणि खाली २ इंच मोकळे. नंबरची रुंदी मधल्या फटीसकट सुमारे ३८ इंच होते, म्हणजे दोन्ही बाजूंना ५ इंच उरतात. ती मोकळी जागा ‘रिकामी दिसते’ म्हणून तिथे चौकट, वेलबुट्टी किंवा देव घालू नका. कडेला चिकटलेला आकडा मागच्या झाडीत मिसळतो.

अक्षराच्या काठीची जाडी उंचीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी, ६ इंचाला साधारण एक इंच. यापेक्षा बारीक असेल तर लांबून विरून जातं. यापेक्षा जाड केलं तर ‘भ’ची गाठ आणि ‘ड्या’मधली पोकळी बुजते. कॅलिग्राफीचे फॉन्ट, सावली, बाहेरची रेघ, दोनरंगी छटा, सगळं नको. छपाईला देताना फाईल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून, द्यायला सांगा. तसं केलं नाही आणि छापणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर वेलांट्या आणि मात्रा जागा सोडतात.

रंगांत पिवळ्यावर काळा किंवा पांढऱ्यावर काळा. जांभ्याच्या आणि हिरवळीच्या पार्श्वभूमीवर पिवळा जास्त उठतो. लाल अक्षर नको. एक तर तांबड्या चिऱ्याशेजारी ते दबतं आणि दुसरं, छपाईच्या शाईत उन्हाने लाल आणि पिवळा आधी उडतात, काळा आणि निळा टिकतात. पिवळी पार्श्वभूमी हवी असेल तर ती छापून घेऊ नका, पिवळ्या रंगाचंच व्हिनाईल लावून त्यावर काळी अक्षरं कापून चिकटवा.

नंबरातल्या चुका

नंबर इंग्रजी आकड्यांत लिहा, बाकी मजकूर मराठीत असला तरी. मराठीपणाचा प्रश्न इथे नाही. लांबून १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, ५ आणि ६ ही तसेच. शिवाय मराठी ४ परराज्यातल्या कामगाराला इंग्रजी आठ वाटू शकतो. फोनच्या पट्टीवर जसे आकडे असतात तसेच पाटीवर असले तर बोट चुकत नाही. इंग्रजीतही फॉन्ट असा घ्या की तीन, सहा आणि नऊ यांची तोंडं उघडी राहतील. चौकोनी डिजिटल घड्याळछाप आकडे टाळा.

पाच-पाचचे दोन गट करा आणि मध्ये एका आकड्याएवढी जागा सोडा. दहाही आकडे सलग लिहिले तर थांबलेला माणूस मध्येच कुठे होता ते विसरतो. गटांत टिंबं आणि आडव्या रेघा नको, पुढे शून्य किंवा देशाचा क्रमांकही नको. नंबर एकच. दोन घातले की दोघांची उंची निम्मी होते, आणि दुसरा बहुधा मुंबईतल्या मुलाचा असतो, ज्याला खोली रिकामी आहे की नाही हे ठाऊक नसतं. घरात रेंज येत नसेल तर ज्याच्याकडे येते त्याचाच नंबर घाला. पाटी उभी राहिल्यावर पाटीवरून वाचून फोन लावून बघा, फोनमध्ये साठवलेल्या नावावरून नव्हे.

‘एका रात्रीचे किती?’

हे दुखणं खास किनाऱ्यावरचं. मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, काशीद, अशा वाटांवर ‘रूम’ या शब्दाचा अर्थ पर्यटकांची रूम. ‘रूम उपलब्ध’ लिहिलं की दिवाळीपासून मेअखेर रोज फोन येतात आणि त्यातला एकही तुमच्या कामाचा नसतो. मालक वैतागून अनोळखी नंबर उचलायचं सोडतो आणि त्यातच बदलून आलेल्या बँकवाल्याचा फोन जातो.

‘खोली’ लिहिल्याने निम्मं काम होतं. उरलेलं दुसरी ओळ करते: ‘दरमहा, पर्यटकांसाठी नाही’. ती ३ इंची ठेवा, १८ मीटरवरून वाचली जाते, म्हणजे तेवढ्या अंतरात थांबलेला माणूस फोन लावायच्या आधी ती वाचतो. भाड्याचा आकडा, पाण्याची सोय, कुटुंब की विद्यार्थी, हे सगळं फोनवर. भाडं पाटीवर लिहिलंत तर ते बदलताना पाटी खरवडावी लागते आणि लांबून तो आकडा नंबरात मिसळतो.

घरमालकाला पर्यटकही हवे आणि महिन्याचा भाडेकरूही, असं असेल तर दोन पाट्या, दोन ठिकाणी. एका पाटीवर दोन्ही लिहिल्यास दोन्ही वाचले जात नाहीत.

उंची, सूर्य आणि गवत

पाटीची खालची कड रस्त्याच्या पृष्ठभागापासून दीड मीटरवर हवी. मोजायचं ते रस्त्यापासून, अंगणापासून नव्हे. आपल्याकडे घर रस्त्याच्या खालच्या अंगाला असणं रोजचंच, आणि अंगणातून मोजलेली दीड मीटर पाटी रस्त्यावरून गुडघ्याएवढी भरते. दीड मीटरच्या खाली लावली तर उभी केलेली दुचाकी ती झाकते, आणि जुलैत गडग्याच्या बाहेरचं गवत व वेल उरलेलं झाकतात. फार वर नेली, छपराच्या पातळीला, तर चालकाच्या नजरेबाहेर जाते.

मालवणकडे जाणारा माणूस साधारण पश्चिमेकडे जातो. संध्याकाळी सूर्य त्याच्या डोळ्यांवर आणि पाटीच्या पाठीवर असतो. पाटी पातळ फ्लेक्सची आणि दोन्हीकडून छापलेली असली तर मागची अक्षरं उलटी उमटतात आणि पुढची वाचता येत नाहीत. याला इलाज अपारदर्शक पत्रा. दुसऱ्या बाजूचं तोंड पश्चिमेला, तिथे चकचकीत व्हिनाईल असेल तर संध्याकाळी आरशासारखं झळाळतं. व्हिनाईलवर मॅट लॅमिनेशन मागा, न मागता ग्लॉसी देतात.

पावसाळ्यात काय बिघडतं

एक-दोन महिन्यांचीच गरज असेल आणि पावसाळा दूर असेल तर सनपॅक, म्हणजे पोकळ प्लास्टिकचा पत्रा, किंवा फ्लेक्स पुरतं, जास्त खर्च करू नका. पण पाटी वर्षभर ठेवायची असेल तर ३ मिलिमीटरचं एसीपी, म्हणजे मध्ये प्लास्टिक असलेला अॅल्युमिनियमचा पत्रा, घ्या. फ्लेक्स वाऱ्याने फडफडून आयलेटपाशी फाटतं. त्याला भोकं पाडून वारा जाऊ दिला तर भोकांपासूनच चिरतं.

लोखंडी खिळा चिऱ्यात ठोकला की खाऱ्या हवेत गंजून फुगतो, चिरा फुटतो आणि तांबडा ओघळ पाटीवर उतरतो, नेमका नंबरावर. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, त्यात प्लगही सैल होतात. म्हणून पाटी भिंतीवर नको, खांबांवर. दीड-दोन इंची जीआय पाईपचे ९ फुटांचे दोन तुकडे, ६ मीटरच्या एका पाईपमधून निघतात. २ फूट खोल, फूटभर रुंद खड्डा आणि काँक्रीट. जमिनीबाहेर ७ फूट राहतात: ५ फूट खाली मोकळे, २ फूट पाटी. अंगण रस्त्याच्या खाली असेल तर तेवढी लांबी वाढवा. कातळावर खड्डा निघत नसेल तर पाईपखाली जाड प्लेट जोडून कातळात अँकर बोल्ट.

हे अवडंबर वाटेल, पण ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात ८ चौरस फुटांच्या पाटीवर सुमारे ४० किलोंचा रेटा येतो, आणि काटकोनातली पाटी किनाऱ्यावरून येणारा वारा छातीवर घेते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेडचे. साधा झिंकचा स्क्रू एका पावसाळ्यात गंजून ओघळ सोडतो. स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर मिठाच्या ओलाव्यात स्क्रूभोवतीचं अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि भोक मोठं होतं. एसीपीच्या कापलेल्या कडांना सिलिकॉन भरा, पाणी तिथून आत शिरून थर सुटतात.

जुलैत फोन थांबले तर आधी शेवाळ बघा. पत्र्याच्या खालच्या भागावर, म्हणजे नंबरावर, काळपट-हिरवा थर धरतो. ओल्या फडक्याने आणि भांड्याच्या साबणाने निघतो. तारेची घासणी लावू नका, लॅमिनेशन ओरखडलं की थर पुन्हा लवकर धरतो.

छापण्याआधीची चाचणी

पूर्ण मांडणी ए-फोर कागदावर आडवी, रुंदीभर छापून घ्या. ४ फुटांच्या पाटीची ही साधारण चौथ्या हिश्श्याची प्रत होते, म्हणून अंतरही चौथ्या हिश्श्यावर आणा. कागद बाहेर, सावलीत उभा धरून ९ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला दोन सेकंद दाखवा आणि झाका. त्याने ‘खोली भाड्याने’ सांगितलं पाहिजे. मग साडेसात मीटरवरून, घाई न करता, त्याला नंबर मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही फोनवर टाईप करा. एकही आकडा अडला तर फॉन्ट बदला, उंची नव्हे. उंचीचा हिशेब आधीच झालेला आहे. पहिल्या ओळीला अडखळला तर आधी अक्षरं दाबलेली आहेत का ते बघा.

खोली गेली की पाटी उतरवू नका, खांबांसकट पुन्हा लागणार आहे. काळ्या रेक्झिनची खोळ शिवून वरून चढवा आणि खाली दोरीने आवळा. उघडी ठेवलीत तर फोन येतच राहतील, आणि ‘खोली गेली’ हे ऐकलेला माणूस पुढच्या वेळी तीच पाटी बघून फोन करत नाही.